काल्याच्या दिवशी वरणाच्या दोन कढया फसफसल्या: एका सप्ताहाच्या स्वयंपाकाचं प्रकरण

पार्श्वभूमी

गाव मराठवाड्यातलं, नाव देत नाही, साडेतीनशे-चारशे उंबऱ्याचं. चैत्रात अखंड हरिनाम सप्ताह असतो, सात दिवस काकडा, पारायण, हरिपाठ, रात्री कीर्तन, आणि शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन झालं की महाप्रसाद. सहा दिवस जेवणाऱ्यांचा आकडा हजाराच्या आत असतो, रोज एकेका आळीकडे पंगत असते, त्यात फार काही अडत नाही. खरी परीक्षा काल्याच्या दिवशी, कारण आजूबाजूच्या दहा-बारा गावांच्या दिंड्या येतात आणि सगळं माणूस एकाच वेळी जेवायला उठतं. मी कोठीवर होतो, म्हणजे शिधा मोजून देणं, काय उरलं काय संपलं ते वहीत लिहिणं, आणि आचारी मामांना जे लागेल ते वेळेवर पोचवणं एवढंच माझं काम, त्यामुळे चुलीपासून पंगतीपर्यंत सगळीकडे फिरणं झालं.

हे एकदम उठणं नीट समजून घ्यायला पाहिजे. नांदेडला गुरुद्वाऱ्याच्या लंगरमध्ये ज्यांनी सेवा केलीय त्यांना माहितीये, तिथे माणसं दिवसभर येत राहतात, एक पंगत उठते दुसरी बसते, त्यामुळे स्वयंपाकही दिवसभर थोडा थोडा चालू राहतो आणि ताटात पडणारं अन्न बहुतेक ताजं असतं. काल्याचं तसं नाही. कीर्तन दहाला सुरू होतं, बाराच्या सुमारास हंडी फुटते, आणि पुढच्या दहा मिनिटांत हजारो माणसं मांडवाबाहेर येतात. म्हणजे बाराच्या आधी सगळं तयार पाहिजे, आणि सगळं बारालाच तयार करायचं तर तेवढ्या चुली कुठून आणणार, म्हणून स्वयंपाक रात्रीच सुरू होतो. या प्रकरणातली सगळी गुंतागुंत इथूनच सुरू होते.

अंदाज होता आठ हजार माणसांचा. तो आम्ही पत्रावळीवरून काढतो, मागच्या वर्षी किती गठ्ठे फुटले ते वहीत असतं, त्यात या वर्षीचे महाराज कोण आहेत ते बघून थोडं वाढवायचं. नावाजलेले कीर्तनकार असले तर हजार-दीड हजार माणूस सहज जास्त येतं. जेवणात बुंदी, वांग्या-बटाट्याची भाजी, पोळी, वरण आणि भात. तांदूळ ७ क्विंटल, तूरडाळ २ क्विंटल ८० किलो. पोळ्या असतात म्हणून भाताला माणशी नव्वद ग्रॅमच्या आसपास तांदूळ पुरतो, नुसता डाळ-भात असेल तर हा हिशोब चालणार नाही. पोळ्या गावातल्या बायका घरी करतात, घरटी ५ किलो पीठ वाटलं जातं, त्याच्या शंभरेक पोळ्या होतात, असं दीडशेच्या वर घरांनी घेतलं होतं. (पोळ्या धोतराच्या किंवा जुन्या लुगड्याच्या कापडात बांधून आणायला सांगा, प्लास्टिकच्या पिशवीत गरम पोळी घातली की घाम सुटतो आणि खालच्या पंचवीस-तीस पोळ्यांचा गोळा होतो.) बुंदी आदल्या दिवशीच पाडलेली होती, साखरेच्या पाकातला आणि तळलेला पदार्थ असल्यामुळे तिची काळजी नसते.

अडचण कशी तयार झाली

चर खणून सहा चुली केल्या होत्या, लिंबाचं आणि बाभळीचं सरपण. आठ कढया वरण, प्रत्येकीत ३५ किलो डाळ, आणि चौदा घाणे भात, एका घाण्याला ५० किलो तांदूळ, शिवाय भाजी. भात चुलीवर चढवून, पेज काढून, ताडपत्रीवर स्वच्छ कापड अंथरून त्यावर उपसेपर्यंत पाऊण तास जातो. सहा चुलींवर हे सगळं बसवायचं तर क्रम लावावाच लागतो. आचारी मामांनी क्रम असा लावला की रात्री अकराला डाळ चढवायची, चारपर्यंत वरण उतरवून चुली मोकळ्या करायच्या, मग चार ते साडेदहा भात आणि भाजी. तूरडाळ आमच्या बोअरच्या जड पाण्यात लवकर शिजत नाही, दीड-दोन तास कुठेच गेले नाहीत, त्यामुळे ती आधी उरकायची हे त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं.

पण याचा अर्थ असा की चारला उतरलेलं वरण बारा-साडेबाराला ताटात जाणार, म्हणजे आठ तास, आणि चैत्रातलं ऊन.

आता मोठ्या कढईबद्दल एक सांगतो जे घरच्या स्वयंपाकात लक्षात येत नाही. घरचं पातेलं तासाभरात गार होतं. अडीचशे-तीनशे लिटरची कढई झाकून ठेवली तर ती सकाळपर्यंत गरम राहते, हात लावला तर चटका नाही पण ऊब लागते, आणि नेमकी हीच ऊब घातक. अन्न साठ अंशांच्या वर असलं तर जंतू वाढत नाहीत, फ्रिजमध्ये असलं तरी जवळपास थांबतात, मधल्या कोमट पट्ट्यात मात्र झपाट्याने वाढतात. शिजवताना सगळे मरतात असंही नाही, काहींची बीजं उकळीतूनही तगतात आणि कोमट झालं की पुन्हा जागी होतात. म्हणजे "गरम आहे अजून" हे वाक्य ऐकलं की बरं वाटतं खरं पण किती गरम हे कोणी बघत नाही.

आठपैकी सहा कढया तशाच उतरवून, खाली निखारे पसरून ठेवल्या होत्या, झाकणं लावली, अधूनमधून पोरं निखारा सरकवत होती. त्या नीट राहिल्या. उरलेल्या दोन कढया चरापासून लांब, ट्रॉलीच्या बाजूला ठेवल्या होत्या कारण जागा नव्हती. वरण गार होत जातं तसं घट्ट होतं, तुरीच्या डाळीचा तो गुणच आहे. पहाटे पाचच्या सुमाराला रात्रपाळीच्या पोरांनी बघितलं की या दोन कढयांतलं वरण पिठल्यासारखं झालंय, त्यांनी टँकरच्या पाण्याच्या पाच-पाच बादल्या त्यात ओतल्या, हलवलं, ताडपत्री टाकली आणि भाताकडे गेले. पुन्हा उकळी आणली नाही. पोरांना दोष देऊन उपयोग नाही, घट्ट झालं तर काय करायचं हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं, आणि घरी आपण सगळेच असं करतो.

त्या पाण्याने दोन गोष्टी झाल्या. बासष्ट-पासष्ट अंशांवर असलेलं वरण एकदम पंचावन्नच्या आसपास आलं आणि तिथून हळूहळू खाली उतरत पाच तास कोमट पट्ट्यात राहिलं. दुसरं, टँकरचं पाणी कच्चं होतं, त्यात पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर टाकलीये की नाही हे त्या वेळी तिथे कोणालाच माहीत नव्हतं.

लक्षात कसं आलं

इथे एक रीत आडवी येते आणि ती समजून घेतल्याशिवाय हे प्रकरण कळणार नाही. नैवेद्य दाखवायच्या आधी स्वयंपाक चाखत नाहीत. मीठ कमी-जास्त आहे का हेसुद्धा आचारी वासावरून आणि अंदाजावरून सांगतो. आमच्याकडे नैवेद्य काल्याच्या आधी, साडेअकराला असायचा. म्हणजे पहाटे चारला झालेलं वरण साडेअकरापर्यंत कोणाच्याही जिभेवर जात नाही. त्या दिवशीही गेलं नसतं.

पण नैवेद्याचं ताट काढणाऱ्या काकू प्रत्येक कढईतून चमचा-चमचा घेतात, एकाच कढईतून सगळं घेत नाहीत, त्यांचा तो नेम आहे. गर्दी वाढायच्या आत काढून ठेवावं म्हणून त्या पावणेदहालाच आल्या. ट्रॉलीजवळच्या कढईवरची ताडपत्री उचलली तर कडेने बारीक पांढरा फेस, मधूनच एखादा बुडबुडा वर येऊन फुटतोय, आणि खाली चूल नाही. काकूंनी वगराळं घालून वर उचललं तर धार सरळ पडायच्या ऐवजी किंचित चिकट तार धरत होती. वास आंबूस, पण फार नाही, फोडणीतल्या लसणाखाली झाकला गेलेला. लांबून वास घेणाऱ्याला कळलं नसतं. दुसऱ्या कढईत फेस कमी होता, वास मात्र तोच.

काकूंनी आरडाओरडा केला नाही, झाकण परत ठेवलं आणि मला आणि आचारी मामांना बोलावून आणलं. गर्दीत नुसतं "वरण नासलं" एवढं वाक्य सुटलं असतं तर चांगल्या सहा कढयांनाही कोणी हात लावला नसता.

कोणते पर्याय समोर होते

मांडवाच्या मागे पाच-सहा जण जमले. आचारी मामा, तात्या (सप्ताह कमिटीतले सगळ्यात जुने), काकू, वाढप्यांचा म्होरक्या, मी आणि पंचायतीतला एक सदस्य. हातात दोन-सव्वादोन तास.

पहिला पर्याय तात्यांनी मांडला, खळखळून उकळायचं, चिंच-गूळ टाकायचा आणि आमटी म्हणून वाढायचं. आंबटपणा झाकला जाईल, आणि जंतू उकळीत मरतील. हा पर्याय मूर्खपणाचा नव्हता, खूप ठिकाणी हेच केलं जातं. अडचण अशी की जंतू मरतात पण त्यातले काही जे विष सोडून ठेवतात ते उकळूनही जात नाही. भात-डाळीत वाढणाऱ्या एका जातीच्या जंतूचं असंच आहे, पुन्हा कितीही उकळा, खाल्ल्यावर एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. शिवाय आंबट घालून वास झाकला तर ओळखण्याची शेवटची खूणही गेली. सदस्याचा भाऊ आरोग्य केंद्रात कामाला, त्याला फोन लावला, त्यानेही तेच सांगितलं, उकळून वापरू नका.

दुसरा पर्याय, दोन कढया टाकायच्या आणि उरलेल्या सहा कढयांत पाणी वाढवून आठ हजारांना पुरवायचं. हिशोब केला तर माणशी वरण पाव लिटरवरून एकशे नव्वद मिलीच्या आसपास येत होतं आणि वर पाणी घातलं तर ते फक्त पिवळं पाणी. त्यातही गरम वरणात पाणी घालायचं म्हणजे पुन्हा सगळं उकळावं लागणार आणि चुलींवर भात. मामांनी लगेच नाही म्हटलं.

तिसरा, दोन कढया टाकायच्या आणि त्या बदल्यात काहीतरी नवीन शिजवायचं. नवीन तूरडाळ शक्य नव्हती, वेळच नाही. मसूर वीस-पंचवीस मिनिटांत शिजते पण गावातल्या दुकानांत मिळून आठ-दहा किलो निघाली असती. तेव्हा मामा म्हणाले, "बेसन किती आहे कोठीत?" बुंदीसाठी आणलेल्यातलं ४५ किलो उरलेलं होतं, वहीत बघून लगेच सांगता आलं. पिठलं.

वाद खरा झाला तो टाकण्यावरून. सत्तर किलो डाळीचं वरण, लोकांनी घरोघरी वर्गणी दिलेली, आणि देवाच्या नावाचं अन्न मातीत घालायचं? तात्यांच्या डोळ्यात पाणी होतं आणि ते मला समजत होतं, ज्यांनी दुष्काळ बघितलाय त्यांना हे जड जाणारच. गाठ काकूंनी सोडवली. त्या म्हणाल्या, "भाऊ, अजून निवद कुठं झालाय? देवाला दाखवलं नाही तोवर ते नुसतं वरण आहे, प्रसाद नाही. आणि हे मी देवापुढं ठेवणार नाही." यावर कोणी काही बोललं नाही. तात्याच म्हणाले, खड्डा घ्या.

काय केलं

दहा-सव्वादहाला तीन कामं एकदम सुटली.

वरण टाकायचं काम म्होरक्याने चार माणसं घेऊन केलं. एक जण म्हणाला जनावरांना घालू, पण नासलेलं एवढं डाळीचं वरण गुरांनी खाल्लं तर पोट फुगतं, आणि ओढ्यात ओतलं तर वास आणि माश्या. चराच्या मागे जेसीबीने खणलेला कचऱ्याचा खड्डा होता, त्यात ओतून वर माती. कढया वाळू आणि राखेने घासून, उकळतं पाणी फिरवून मगच परत घेतल्या. त्या वेळी हे अति वाटत होतं, पण पिठलं त्याच कढयांत करायचं होतं.

दुसरं, बेसन. ४५ किलो होतं, ६० लागत होतं, दोन हजार माणसांना पातळसर पिठलं वाटीभर द्यायचं तर. पोरं गावातल्या चारही दुकानांत गेली, अर्ध्या-एक किलोचे पुडे गोळा करत पंधरा किलो जमलं. चुलींवर शेवटचे भाताचे घाणे चालू होते, मामांनी त्यातल्या दोन चुली मोकळ्या केल्या आणि एक कढई मंडपवाल्याच्या चहाच्या गॅसवर चढवली.

मोठ्या प्रमाणात पिठल्याचं गणित घरच्यासारखं नाही. घरी आपण फोडणीच्या पाण्यात वरून पीठ पेरतो आणि हलवतो. वीस किलो बेसन असं पेरलं तर गुठळ्यांचा दगड होतो, मधलं पीठ कच्चं राहतं. मामांनी आधी टोपल्यात गार पाण्यात बेसन कालवून घेतलं, एका किलोला दोन लिटर पाणी, ताकासारखं होईपर्यंत हाताने मोडलं, मग पिठाच्या चाळणीतून गाळलं. दुसरीकडे कढईत फोडणी, तेल, मोहरी, जिरं, ठेचलेला लसूण आणि मिरची, हळद, त्यावर किलोला चार लिटर या मापाने उकळतं पाणी. ते खळखळा उकळायला लागल्यावर बेसनाचं पाणी बारीक धारेने सोडायचं आणि दोघांनी दोन बाजूंनी लाकडी उलथण्याने तळ खरवडत हलवत राहायचं, थांबलं की तळाला लागलंच. शिजल्याची खूण म्हणजे कच्च्या पिठाचा वास जातो, वर जाड बुडबुडे फुटायला लागतात आणि तेल कडेला दिसतं. वीस-पंचवीस मिनिटं. गाळायला आणि पाणी उकळायलाच जास्त वेळ जातो, शिजायला नाही.

तिसरं काम पंगतीचं, आणि मला वाटतं खरा शहाणपणाचा निर्णय इथे झाला. पंगती हरभरा काढून मोकळ्या झालेल्या रानात होत्या, फक्कीने रेघा मारलेल्या, वीस ओळी, ओळीत शंभर, म्हणजे एका वेळी दोन हजार. दोन ओळींमागे एक टोळी, तिच्यात पत्रावळी, पोळी, भाजी, बुंदी, भात, वरण आणि पाणी प्रत्येकाला एकेक माणूस आणि एक राखीव. पंगत बसून उठेपर्यंत आणि रान झाडेपर्यंत पस्तीस-चाळीस मिनिटं. पिठलं साडेबारा-पाऊणच्या आधी होणार नव्हतं, म्हणजे पहिल्या पंगतीला कोणाला काही कमी पडता कामा नये आणि शेवटच्या पंगतीपर्यंत काय कुठे वाढायचं हे आधी ठरलं पाहिजे.

दोन मतं होती. एक, सगळ्यांना वरण थोडं आणि पिठलं थोडं. दुसरं, पहिल्या पंगतींना पूर्ण वरण आणि शेवटी पिठलं. म्होरक्या दुसऱ्या बाजूने होता, त्याचं कारण साधं, वाढप्याला मध्येच बादली बदलायला सांगितलं की ओळी चुकतात, कोणाला दोन्ही जातं कोणाला काहीच नाही, आणि जिथे नाही गेलं तिथून आरडाओरडा सुरू होतो. शेवटी ठरलं की बाहेरच्या दिंड्या, म्हातारी माणसं आणि लेकरांच्या आया आधी, त्यांना वरण. गाव शेवटी बसतं ही रीत आहेच, त्यामुळे गावकरी आणि सेवेकरी पिठल्यावर. घरच्या माणसांना पोळी-पिठलं वाढलं तर कोणी रुसणार नव्हतं.

तरी वेळेची फट राहत होती. तात्यांनी एका पोराकडे चिठ्ठी देऊन स्टेजवर पाठवली, महाराजांना वीस मिनिटं वाढवायला सांगितलं. महाराजांनी काल्याचा अभंग अजून खुलवला, गौळणी लावून घेतल्या, लोक मांडवाच्या सावलीत बसून राहिले. जेवणाची रांग उन्हात थांबवण्यापेक्षा कीर्तन लांबवणं कितीतरी बरं, उन्हात अर्धा तास उभं राहिलेला म्हातारा माणूस चक्कर येऊनच बसतो. हंडी फुटल्यावरही सगळ्यांना एकदम सोडलं नाही, मांडवाच्या एका बाजूने दिंड्या झेंड्यासकट ओळीने, दुसरी बाजू दोराने बंद, आणि थांबलेल्यांना काल्याच्या लाह्या-दही वाटत राहिले. हातात काहीतरी पडलं की माणूस थांबतो. बसलेल्या पंगतीच्या डोक्यावर दुसरी पंगत येऊन उभी राहते ना, तो प्रकार पहिल्या दोन पंगतींना तरी झाला नाही. तिसरीला झाला, कारण तोपर्यंत दोर धरणारी पोरं स्वतःच जेवायला बसली होती.

पुढे काय झालं

पहिली पंगत बारा चाळीसला बसली, शेवटची पावणेचारला उठली. पत्रावळीच्या हिशोबाने नऊ हजारांच्या थोडं वर माणूस जेवलं. पिठलं पुरलं, उलट पोळ्या कमी पडल्या आणि शेवटच्या पंगतीला भात-पिठलं वाढावं लागलं. भाताचा एक घाणा उरला, तो संध्याकाळपर्यंत न ठेवता लगेच ऊसतोड कामगारांच्या वस्तीवर पाठवला आणि आत्ताच खा, रात्रीला ठेवू नका असं सांगून दिला.

प्रत्येक पदार्थाचा एकेक डबा शाळेच्या फ्रिजमध्ये ठेवला होता, दोन दिवस. काही झालं तर तपासायला नमुना असावा म्हणून. आशाताईंना आणि आरोग्य केंद्राला त्याच दिवशी दुपारी सगळं खरं सांगितलं होतं, लपवलं नाही, त्यांनी दोन दिवस गावात आणि दिंड्यांच्या गावांत विचारपूस केली. उलटी-जुलाबाचा एकही पेशंट आला नाही.

त्या दोन कढया वाढल्या असत्या तर नक्की कोणी आजारी पडलं असतं का? हे सांगता येत नाही आणि त्यावर गावात अजून बोलणं होतं. काही जण म्हणतात उगाच टाकलं, नुसतं आंबलेलं होतं. माझं मत त्या वेळीही स्पष्ट होतं आणि आजही आहे, दोन हजार माणसांवर ते तपासून बघायचं नसतं, आणि जवळचं तीस खाटांचं रुग्णालय पंचवीस किलोमीटरवर आहे.

काय वेगळं करता आलं असतं

कमिटीची बैठक आठ दिवसांनी झाली, त्यात जे निघालं आणि जे मला वाटतं ते एकत्रच लिहितो.

पाण्याचा नियम सगळ्यात सोपा होता आणि तोच नव्हता. उतरवलेल्या वरणात पाणी घालायचं तर उकळतं घालायचं आणि घातल्यावर पुन्हा एकदा उकळी आणायची, चूल मोकळी नसेल तर घालायचंच नाही, घट्ट राहू द्यायचं, वाढायच्या आधी बघू. आता हे खडूने चराजवळच्या पत्र्यावर लिहिलेलं असतं आणि रात्रपाळीच्या म्होरक्याला तोंडी सांगितलेलं असतं. पाण्यासाठी एक पातेलं कायम चुलीच्या कडेला उकळत ठेवतात.

नैवेद्याची वेळ बदलली. साडेअकराच्या मोठ्या नैवेद्याला कोणी हात लावला नाही, पण प्रत्येक कढई उतरली की त्यातलं वाटीभर लगेच देवाला दाखवायचं असं ठरलं. महाराजांना विचारूनच केलं. त्यामुळे नंतर चाखता येतं, सात वाजता एकदा, दहा वाजता एकदा, प्रत्येक कढई वेगळी. रीत मोडली नाही आणि जीभ मोकळी झाली. हे आधीच सुचायला हवं होतं असं काकूंनीच सांगितलं. त्यासोबत एक लांब दांड्याचा थर्मामीटर आणलाय, हजार रुपयांच्या आतला, साठच्या खाली काटा गेला की कढई निखाऱ्यावर. मामांना तो आवडत नाही, पण पोरांना आवडतो.

चुलींचा क्रम हा मूळ प्रश्न. डाळ रात्री अकराला चढवायच्या ऐवजी दोनला भिजवून पहाटे चार-साडेचारला चढवली तर आठही कढया मिळून दोन-अडीच तासांत होते, भिजवलेली डाळ जड पाण्यातही लवकर मऊ होते, आणि मग ती सात ते साडेबारा एवढाच वेळ धरून ठेवायची, निखाऱ्यावर तेवढं जमतं. पण मग भाताला चुली कमी पडतात. म्हणून पुढच्या वर्षी चर वाढवून आठ चुली केल्या आणि दोन गॅसच्या भट्ट्या भाड्याने आणल्या. खर्च वाढला. वर्गणीतून तो काढायचा की नाही यावर बैठकीत दोन तास गेले.

दोर धरणाऱ्यांना शेवटी जेवायला वाढायचं, किंवा त्यांची पाळी बदलायची, हे म्होरक्याने स्वतःहून वहीत लिहून ठेवलं.

जे अजून सुटलेलं नाही ते भाताचं. वरण निखाऱ्यावर ठेवता येतं, भात नाही ठेवता येत, तळाला लागतो. पहाटे उपसलेला भात कापडावर ढीग करून झाकला तर ढिगाच्या पोटात वाफ धरून राहते आणि तो बराच वेळ चांगला गरम असतो, पण कडेचा आणि वरचा थर तासाभरात कोमट होतो, आणि उलटीचे जंतू भातात सगळ्यात आधी वाढतात. सध्या आम्ही पहिले घाणे सहाच्या आधी उतरवत नाही, ढीग पसरट न करता उंच करतो, आणि वाढताना आधी उपसलेला ढीग आधी संपवतो, ज्याच्यासाठी प्रत्येक ढिगाजवळ वेळ लिहिलेला पुठ्ठा खोचलेला असतो. शेवटचे चार घाणे कीर्तन चालू असताना, अकरानंतर चढवायचे असं मामा म्हणतायत, त्यासाठी त्या वेळी कीर्तन सोडून चुलीजवळ थांबणारी वीस माणसं लागतात, आणि काल्याचं कीर्तन सोडायला गावात तेवढे जण अजून तयार झालेले नाहीत.